मामाकडे दुसऱ्या शिलाई मशीनसाठी उसने पैसे मागताय? मग लिहूनच पाठवा

"मामा, धंदा वाढवायचाय" एवढंच लिहू नका, पैसे आत्ता कुठे गळतायत ते दाखवा. म्हणजे असं की पिकोला साड्या बाहेर देते, साडीमागे 30 रुपये जातात, महिन्याला 50 साड्या धरल्या तर 1500 झाले, पिको मशीन घरात आलं की दोरा-लाईट वजा जाऊन 1250 वाचतात, तोच हप्ता, 12 हप्त्यांत 15,000 फिटले. दुकानाचं कोटेशन मोटर-स्टँडसकट जोडा, नाहीतर नंतर परत हात पसरावा लागतो.

हप्ता 10 तारखेला, यूपीआयनेच. पितृपक्षात काम बसतं, तेव्हा हप्ता अर्धा आणि उरलेला दिवाळीच्या हप्त्यात, हे आधीच लिहा. आणि हो, मामींचे ब्लाऊज हप्त्यात वळते करायचे की नाही तेही!