मैत्रीण ऐनवेळी यायचं रद्द करते? तिच्या कारणांचा अर्थ लावताना या चुका टाळा

कास पठाराला जायचं म्हणून आम्ही चौघींनी गाडी ठरवली होती. सकाळी सहाला निघायचं होतं. पाच वाजून चाळीस मिनिटांनी ग्रुपवर तिचा मेसेज आला, "सॉरी गं, डोकं भयंकर दुखतंय. तुम्ही जा." त्याआधी जुलैमध्ये बालगंधर्वला नाटकाची तिकिटं काढली होती. प्रयोगाच्या दोन तास आधी तिच्याकडे पाहुणे आले. मे महिन्यात कोल्हापूरच्या लग्नाला सगळ्यांनी मिनीबसने जायचं होतं, तेव्हा सासूबाईंना बरं नव्हतं. सिंहगडाच्या वेळी पोट बिघडलं होतं. आमची मैत्री बावीस वर्षांची, आणि त्या वर्षी मी तिच्यावर खरोखर रुसले. पुढे जे कळलं ते तिच्या परवानगीने लिहिते आहे, कारण मी केलेल्या चुका फार जणी करतात.

पहिली चूक: कारण खरं की खोटं, हे तपासत बसणं

कासहून परतल्यावर मी तिला फोन केला आणि बोलता बोलता "डोकं थांबलं का?" असं विचारलं. मला काळजी नव्हती, मला पकडायचं होतं. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "हो, दुपारपर्यंत बरं वाटलं." ती खोटं बोलते आहे हे मला कळलं. पण त्यातून हाती काय लागलं? फक्त राग.

ऐनवेळी सांगितलेलं कारण बहुतेकदा पांघरूण असतं. डोकं, पोट, पाहुणे, घरातलं आजारपण ही कारणं एवढ्यासाठीच निवडली जातात की समोरचा पुढे काही विचारत नाही. त्यामुळे ती कारणं एकमेकांशेजारी मांडली तरी काही उमगत नाही. माझ्या मैत्रिणीची चारही कारणं वेगवेगळी होती. सारखं काही असेल तर ते प्लॅनमध्ये असतं: कुठे जायचं होतं, किती वेळ, कोणाबरोबर, किती खर्चाचं, आणि नकार नेमका कुठल्या क्षणी आला.

त्या क्षणाकडे नीट पाहावं. ग्रुपवर "प्रत्येकी अडीच हजार" असा आकडा पडल्यानंतर तासाभरात कोणी गळत असेल आणि टपरीवरच्या चहाला मात्र हमखास येत असेल, तर पैशांची ओढाताण असू शकते. संध्याकाळी घरचे परतल्यावरच नकार येत असेल, तर घरातून परवानगीचा प्रश्न आहे का, हे पाहायला हवं. अनोळखी माणसं येणार हे कळल्यावर नकार येत असेल, तर माणसांत मिसळायची भीती असते. त्या भीतीत "येत नाही" असा मेसेज पाठवला की लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी रद्द करणं आणखी सोपं होतं. या सगळ्या शक्यताच आहेत. त्यावरून कोणावर शिक्का मारू नये.

दुसरी चूक: फक्त न आलेले दिवस मोजणं

मी सगळ्यात मोठी चूक केली ती ही. तिने रद्द केलेले चार प्लॅन मला तारखेसकट पाठ होते. ती आलेले प्लॅन मात्र मी कधी मोजलेच नव्हते, आणि आमच्या दुसऱ्या एका मैत्रिणीने ते मला मोजायला लावले. ती म्हणाली, "अगं, भिशीला ती एकदाही चुकलेली नाही."

खरंच, भिशी कोणाच्याही घरी असो, ती दहा मिनिटं आधी हजर. मॉलमध्ये खरेदीला यायची. माझी आई रुग्णालयात होती तेव्हा दोन दिवस माझ्यासोबत बसली होती. म्हणजे कंटाळा नव्हता, आमच्याशी दुरावा नव्हता, पैशांचीही अडचण दिसत नव्हती, कारण मॉलमध्ये ती आमच्याइतकाच खर्च करायची.

मी दोन्ही याद्या कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या. एका बाजूला कास, नाटक, मिनीबस, सिंहगड. दुसऱ्या बाजूला घरं, मॉल, रुग्णालय. बराच वेळ मला काहीच दिसलं नाही. मग सोसायटीतला भोंडला आठवला. भोंडल्याला ती आली होती, गाणीही सगळ्यांत मोठ्याने म्हटली होती, पण फेरात शिरली नाही. फुगडीसाठी मी हात ओढला तर तिने तो झटकन सोडवला आणि "गुडघा" म्हणाली. खिरापत ओळखायला मात्र पुढे. त्या रात्री कुणीतरी नक्कल केली आणि आम्ही हसून लोटपोट झालो, तेव्हा ती हसता हसता एकदम उठून आत गेली होती.

मग दोन्ही याद्यांचा अर्थ लागला. ती जिथे येत होती तिथे स्वच्छतागृह हाताशी होतं. जिथे येत नव्हती तिथे एकतर ते तासन् तास नव्हतं, नाहीतर सगळ्यांना उठवून, अंधारातून वाट काढत जावं लागणार होतं.

तिसरी चूक: "तिला आपली किंमत नाही" असं ठरवून टाकणं

आपण स्वतः एखादा बेत रद्द करतो तेव्हा आपल्याला परिस्थिती दिसते. दुसऱ्याने केला की त्याचा स्वभाव दिसतो. मीही "ती पहिल्यापासून बेभरवशाची" असं म्हणायला लागले होते, आणि बावीस वर्षांतली एकवीस वर्षं सोयीस्कर विसरले होते. जुनं माणूस अलीकडे बदलल्यासारखं वाटलं तर बदल कधीपासून झाला, हा प्रश्न स्वभावापेक्षा जास्त उपयोगी पडतो. तिच्या बाबतीत तो साधारण वर्षभरापूर्वीपासून, सत्तेचाळिसाव्या वर्षापासून झाला होता.

नंतर तिने सांगितलं तेव्हा ऐनवेळचा नकार कसा घडत होता तेही कळलं. हो म्हणताना ती खोटं बोलत नव्हती, तिला यायचंच असायचं. आदल्या संध्याकाळपासून ती पाणी बंद करायची. सकाळी आवरताना चार-पाचदा जाऊन यायची. तरीही लागल्यासारखं वाटायचं, आणि मग गाडीत तीन तास काय होईल या धास्तीने ती मेसेज टाकायची. खोकला, शिंक, हसणं, उडी, चढण, कशानेही थोडी लघवी व्हायची. हे आम्हाला सांगण्यापेक्षा डोकेदुखी सांगणं तिला सोपं वाटत होतं.

चौथी चूक: ग्रुपवर टोमणा मारणं, नाहीतर एकटीला गाठून उलटतपासणी घेणं

"मॅडम येणार आहेत ना या वेळी?" हे मी ग्रुपवर लिहिलेलं आहे. त्यानंतर तिने दोन बेतांना आधीच नाही म्हटलं. टोमण्याने माणूस यायला लागत नाही, फक्त लवकर नकार द्यायला शिकतो.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच घातक आहे. अर्थ लागल्यावर मला वाटलं होतं, जाऊन सरळ विचारावं, "तुला लघवीचा त्रास आहे का?" पण माझा अंदाज चुकला असता तर? आणि बरोबर असता तरी, जे तिने वर्षभर जिवापाड लपवलं ते मी उघडं केलं असतं. निष्कर्ष तिच्यासमोर ठेवण्याऐवजी मी बेत बदलला.

नोव्हेंबरमध्ये वाईला जायचं ठरलं. मी तिला एकटीला फोन केला आणि म्हटलं, "मला हल्ली दर तासाभराने थांबायला लागतं गं. वाटेत दोन चांगली हॉटेलं पाहून ठेवली आहेत, तिथे चहाला थांबू. पुढे वाईत घाटाजवळ ओळखीच्यांचं घर आहे. चालेल ना तुला?" मी खोटं बोलले नव्हते, पन्नाशीकडे जाताना मलाही थांबावं लागतंच. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुलाही होतं?" आणि पुढचा पाऊण तास ती बोलत होती.

असा पडताळा इतर बाबतींतही घेता येतो. पैशांचा संशय असेल तर डबे घेऊन बागेत भेटायचं ठरवावं. माणसांच्या भीतीचा असेल तर दोघींनीच भेटावं. घरच्या परवानगीचा असेल तर दुपारी, तिच्या घराजवळ, तासाभरासाठी. अडचण काढून घेतल्यावर माणूस आलं, तर अंदाज बराचसा बरोबर. दोन-तीनदा असा सोपा बेत करूनही नकारच आला आणि तिच्याकडून "मग पुढच्या रविवारी?" असं कधीच आलं नाही, तर तिला खरंच यायचं नसेल. तेही मान्य करायला हवं. आणि एखाद-दोन नकारांवरून कसलाच अर्थ काढू नये. आठ-दहा बेतांची नोंद हाताशी असल्याशिवाय मीही काही ओळखू शकले नसते.

पाचवी चूक: कळल्यावर स्वतःच डॉक्टर होणं

तिने सांगितल्याबरोबर मी "पाणी कमी पी" म्हणणार होते. तेच ती वर्षभर करत होती, आणि त्याने नुकसान होत होतं. पाणी फार कमी प्यायलं की लघवी दाट होते, मूत्राशय जास्त चुरचुरतं आणि संसर्गाला वाव मिळतो. मी तिच्यासोबत स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले, बाहेर बसले, एवढंच.

डॉक्टरांनी लघवी आणि रक्तातली साखर तपासायला सांगितली, कारण संसर्ग आणि मधुमेह या दोन्हींत वारंवार लागतं. मग तीन दिवस वहीत लिहायला सांगितलं: किती वाजता काय आणि किती प्यायलं, किती वाजता गेले, कधी गळलं. वहीवरून दिसलं की तिला मुख्यतः खोकला, हसणं आणि उडी यांनी त्रास होत होता. गाडीतली सततची घाई पुष्कळशी धास्तीपोटी होती. फिजिओथेरपिस्टने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम शिकवला, आणि निदान तीन महिने रोज केल्याशिवाय फरक शोधू नकोस असं बजावलं. हे स्नायू नेमके कोणते ते शिकवल्याशिवाय कळत नाही. पहिला महिना ती पोट आणि मांड्याच आवळत होती, त्यामुळे दुसऱ्यांदा जाऊन दाखवून घ्यावं लागलं. त्रास पूर्ण गेला नाही, पण पुष्कळ कमी झाला.

आता नाटकाची तिकिटं मी काढते तेव्हा तिची खुर्ची रांगेच्या कडेची घेते. मागच्या महिन्यात तिने तरीही एक प्रयोग रद्द केला. सकाळी दहालाच फोन आला, "सर्दीने शिंका थांबत नाहीयेत, आज मला बसवणार नाही. माझं तिकीट तुझ्या वहिनीला दे." वहिनी आली, आणि मध्यंतरात मी मैत्रिणीला फोन करून पहिला अंक सांगितला.