परफ्यूम घेताना या चुका टाळा: जड बाटली म्हणजे जास्त माल नव्हे

लग्नसराई आली की आमच्या यवतमाळकडच्या दुकानात बाटली हातात तोलून पाहणारी गिऱ्हाइकं रोज येतात. जड लागली की "यात माल हाय" म्हणून घेऊन टाकतात. वीस वर्षांपासून हेच पाहतोय.

मागच्या मे महिन्यात एका पोरानं भावाच्या लग्नासाठी एका नटाच्या नावाची १०० मिलीची बाटली नेली. छापील किंमत १,८०० रुपये. आठ दिवसांनी परत आला. "काकाजी, वरात मंडपात जाईपर्यंत वासच उडाला. डुप्लिकेट देल्ली का?"

माल अस्सल होता. संपल्यावर बाटली घेऊन ये म्हटलं. दिवाळीत आणली तेव्हा काट्यावर ठेवली: रिकामी २९८ ग्रॅम. तसलीच भरलेली ३८० भरली. म्हणजे आतला माल ८२ ग्रॅम, बाकी काच, झाकण आणि पंप. खोक्यावर 'ओ द टॉयलेट' लिहिलेलं. या प्रकारात सुगंधी तेल साधारण ५ ते १५ टक्के असतं, उरलेलं अल्कोहोल आणि थोडं पाणी. दहा टक्के धरले तर तेल आठ ग्रॅमच्या आसपास.

मग १,८०० गेले कुठे? १८ टक्के जीएसटी छापील किमतीतच असतो, ते २७५ रुपये. वितरकाचा आणि माझा नफा मिळून पाचशे. उरलेल्या हजारातून तेल, काच, खोकं, जाहिरात आणि नटाचं नाव. नाववाला बहुधा स्वतः काहीच बनवत नाही. तो नाव वापरायचा परवाना देतो आणि विक्रीवर टक्केवारी घेतो. मोठ्या ब्रँडांतही हीच पद्धत आहे: ह्यूगो बॉस, कॅल्विन क्लाइनचे परफ्यूम कोटी ही कंपनी बनवते, आणि वासाचं सूत्र बऱ्याचदा जिवोदानसारख्या सुगंध बनवणाऱ्या कंपन्यांकडून येतं. टक्केवारी कराराची, जाहिरात टाळता येत नाही, काच तर डोळ्यात भरायलाच हवी. माझ्या मते स्वस्त मालात हात आखडतो तो तेलातच. म्हणून मी आधी खोकं उलटं करून मागचा बारीक मजकूर वाचतो, पुढचा चेहरा नंतर.

दुसरी चूक, मनगटावर फवारा मारून लगेच पैसे काढणं. पहिला लिंबू-संत्र्याचा वास दहा-पंधरा मिनिटांत उडतो, आणि दिवसभर जो अंगावर राहतो तो त्याच्या खालचा असतो. मी फवारा मारून सांगतो, जा, बाजार करून या. तासाभरानं आवडला तर घ्या. तेवढाही दम नसलेल्याला मी महागडी बाटली दाखवतच नाही.

'५० टक्के सूट' वाचून भुलू नका, १ मिलीचा भाव काढा.

आणि टिनाच्या घरात बाटली खिडकीत ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात दोन महिन्यांत वास बिघडलेला मी पाहिलाय. खोक्यातच, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा.