हळदीकुंकवाचं निमंत्रण दुसऱ्यांदा लिहिताना

आमच्या इमारतीत मल्याळी, गुजराती, ख्रिस्ती अशी सगळीच कुटुंबं आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची माहिती मी लिहिली, तेव्हा सुरुवातच 'आपल्या थोर संस्कृतीत सौभाग्यवतींनी...' अशी होती. पुढे हळद जंतुनाशक असते वगैरे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी शांतपणे विचारलं, "मग मी येऊ नको ना?" काकांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

मी 'का' काढून टाकलं आणि काय घडतं तेवढंच लिहिलं:

'संक्रांत ते रथसप्तमी या काळात बायका एकमेकींना घरी बोलावतात. आल्यावर हळद-कुंकू लावतात, तिळगूळ आणि वाण म्हणजे छोटी भेटवस्तू देतात. पूर्वी फक्त सवाष्णींना बोलावत, आमच्याकडे सगळ्याजणी या. कुंकू नको असेल तर नुसता नमस्कार करा, तिळगूळ घ्या. परतभेट आणायची नसते.'

जुनी प्रथा लपवली नाही, कारण काकूंना ती माहीत होतीच. 'वाण लुटणे' मात्र काढलं. शेजारच्या मल्याळी वहिनींना वाटलं होतं, वस्तू खरंच लुटायच्या असतात! काकू आल्या, कुंकू लावून घेतलं नाही, वाटी मात्र आवडीची निवडून नेली.