डायक्रोमेट आणि परमँगनेटच्या प्रात्यक्षिकाची तयारी: सर्वांत आधी पाणी

बारावीच्या तुकडीसमोर क्रोमेट-डायक्रोमेटचा रंगबदल आणि तीन माध्यमांतील परमँगनेट दाखवायचे असेल, तर टेबलावर पहिली वस्तू डिस्टिल्ड पाण्याचा कॅन असावी. रसायने त्याच्यानंतर काढावीत. मागच्या वर्षी आमच्या यावल भागातील वर्गात मी सर्व काही मोजूनमापून ठेवले होते, फक्त हे पाणी ठेवले नव्हते. आदल्या दिवशी वीज नव्हती म्हणून डिस्टिलेशनचे उपकरण चालले नाही, आणि रंग दाखवायला बोअरचे पाणी पुरेल असे मी गृहीत धरले. एक ग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेटचे 100 मिली द्रावण आधीच तयार होते. त्यातील 10 मिली घेऊन मी बोअरच्या पाण्याने 500 मिली केले. बाटलीतील नारिंगी रंग त्याच क्षणी पिवळा झाला, आणि तो केवळ विरळ झाल्यामुळे फिका पडला असे मला वाटले. वर्गात त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकले तेव्हा पुढच्या बाकावरून आवाज आला, "सर, काहीच बदललं नाही." ते अगदी खरे होते, कारण जो बदल मी दाखवणार होतो तो पाण्याने आधीच घडवून टाकला होता.

नंतर त्याच पाण्याचे 100 मिली घेऊन मिथाइल ऑरेंज वापरून टायट्रेशन केले, तेव्हा 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल 6 मिली लागले. म्हणजे एका लिटरमध्ये 6 मिलिमोल इतका, बहुतेक बायकार्बोनेटच्या रूपातील, आम्ल शोषणारा साठा होता. माझ्या 10 मिली द्रावणात डायक्रोमेट 0.1 ग्रॅम, म्हणजे 0.34 मिलिमोल होते, आणि त्याचे पूर्ण क्रोमेट होण्यासाठी 0.68 मिलिमोल अल्कली पुरते. 490 मिली पाण्यात बायकार्बोनेट जवळजवळ 2.9 मिलिमोल होते, म्हणजे गरजेच्या चौपटीहून अधिक. बायकार्बोनेट हे सौम्य अल्कली असल्यामुळे रूपांतर शंभर टक्के होत नाही, पण सामू सातच्या आसपास जातो, आणि तेथे क्रोमियम बहुतांशी क्रोमेटच्या रूपातच असते. आपल्याकडे केळीच्या बागेचे माती-पाणी तपासून घेताना सामू आवर्जून पाहिला जातो. प्रयोगशाळेतील पाण्याचा सामू मात्र मी पाहिला नाही, हीच चूक होती.

हा प्रयोग मुळात सामूचाच आहे. 2CrO₄²⁻ + 2H⁺ ⇌ Cr₂O₇²⁻ + H₂O या समतोलात दोन्ही बाजूंना क्रोमियमची ऑक्सिडीकरण अवस्था +6 च राहते. येथे ऑक्सिडीकरणही नाही आणि क्षपणही नाही, फक्त हायड्रोजन आयन किती आहेत यावर नारिंगी की पिवळा हे ठरते. ज्या प्रयोगात सामू हेच एकमेव बदलते माप आहे, त्यात अज्ञात सामूचे पाणी वापरले तर दाखवण्यासारखे काहीच उरत नाही. म्हणून डिस्टिल्ड पाणी ठेवावे, तेही किमान दोन लिटर, कारण द्रावणांबरोबर नळ्यांचे शेवटचे विसळणेही त्याच पाण्याने व्हायला हवे. उपकरण बंद असेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्याचे पाणी विकत आणावे. जारचे पिण्याचे पाणी डिस्टिल्ड नसते, त्यातही बायकार्बोनेट राहिलेले असू शकते. आणलेले पाणी तपासण्याची सोपी रीत अशी की, 5 मिली पाण्यात डायक्रोमेटच्या द्रावणाचा एक थेंब टाकावा, आणि दुसऱ्या नळीत तोच थेंब खात्रीच्या डिस्टिल्ड पाण्यात टाकून पांढऱ्या कागदासमोर दोन्हींची तुलना करावी. पहिली नळी स्पष्टपणे अधिक लिंबासारखी पिवळी दिसली, तर ते पाणी बाजूला ठेवावे.

आता द्रावण. 0.5 ग्रॅम डायक्रोमेट 50 मिली डिस्टिल्ड पाण्यात घ्यावे आणि त्याहून विरळ करू नये. हे मुद्दाम सांगतो, कारण पाणी शुद्ध असले तरी फार विरळ द्रावणात डायक्रोमेटचा आयन पाण्याशी संयोग पावून HCrO₄⁻ मध्ये मोडतो आणि रंग नारिंगीकडून पिवळ्याकडे सरकतो. माझ्या 500 मिली बाटलीत या दोन्ही चुका एकत्र आल्या होत्या. नळीत 5 मिली द्रावण घेतले, तर 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे हिशेबाने सात थेंब लागतात (एक मिली म्हणजे वीस थेंब धरून; स्वतःच्या ड्रॉपरचे थेंब मोजपात्रात एकदा मोजून पाहावेत). चार-पाच थेंबांपर्यंत रंग मिश्र दिसतो आणि आठव्यापर्यंत तो स्वच्छ पिवळा होतो. परत नारिंगी आणण्यासाठी 0.5 मोलर सल्फ्युरिक आम्लाचे आठ-नऊ थेंब पुरतात. ही ये-जा दोनदा करून दाखवावी, म्हणजे बदल उलटसुलट होतो हे विद्यार्थ्यांना डोळ्यांनी पटते. परमँगनेटच्या प्रयोगासाठी ठेवलेला सल्फाइटचा ड्रॉपर या नळीत चुकूनही जाता कामा नये, कारण आम्लात तो डायक्रोमेटचे क्षपण करून हिरवे Cr³⁺ बनवतो. विद्यार्थी मग तो हिरवा रंगही सामूचाच परिणाम म्हणून लिहून ठेवतात, आणि ती समजूत नंतर निघता निघत नाही. प्रत्येक बाटलीला वेगळा ड्रॉपर ठेवून त्यावर कागदी पट्टी लावावी. हातमोजे आवश्यक आहेत, कारण सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. तोंडाने पिपेट ओढणे तर पूर्ण वर्ज्य.

परमँगनेटसाठी 0.03 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात त्याच दिवशी विरघळवावे. येथेही बोअरचे पाणी नको. त्यातील लोह आणि सेंद्रिय द्रव्य परमँगनेटचे थोडे क्षपण करतात, तपकिरी मँगनीज डायऑक्साइडचा गाळ धरतो, आणि तो गाळच पुढच्या विघटनाला गती देतो. सोडियम सल्फाइट 0.25 ग्रॅम 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात घ्यावे. तेही सकाळीच करावे, कारण हवेतील ऑक्सिजनने त्याचे सल्फेट होत जाते. बाटलीवर सल्फाइट असेच लिहिले आहे याची खात्री करावी, शेजारची सल्फेटची बाटली हुबेहूब तशीच असते. तिसरे द्रावण सोडियम हायड्रॉक्साइडचे असून ते मात्र तीव्र हवे, 20 ग्रॅमपासून 100 मिली. ते विरघळताना खूप तापते, म्हणून आदल्या दिवशी करून प्लास्टिकच्या बाटलीत ठेवावे. हे बोअरच्या पाण्यात केले तर पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे पांढरा धूसरपणा येतो आणि त्यात हिरवा रंग नीट दिसत नाही. म्हणजे येथेही डिस्टिल्डच.

आता तीन नळ्या घ्याव्यात आणि प्रत्येकीत परमँगनेटचे 5 मिली घालावे. पहिलीत 1 मोलर सल्फ्युरिक आम्ल 1 मिली, दुसरीत डिस्टिल्ड पाणी 1 मिली आणि तिसरीत ते तीव्र हायड्रॉक्साइड 3 मिली. माध्यम आधी आणि सल्फाइट नंतर, हा क्रम बदलू नये, कारण पहिल्या नळीत सल्फाइट आधी पडले तर तपकिरी गढूळपणा येतो आणि तो आम्ल टाकल्यावरही लगेच जात नाही. आम्लासाठी हायड्रोक्लोरिक घेऊ नये, परमँगनेट त्यातून क्लोरीन काढते.

यापुढे मात्र थेंब मोजावेत, कारण प्रयोगाचे खरे गणित थेंबांतच आहे. परमँगनेटमधील मँगनीज +7 चे असते. आम्लात ते Mn²⁺ होते, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेते. उदासीन माध्यमात MnO₂ होते, म्हणजे तीन घेते. तीव्र अल्कलीत हिरवे मँगनेट MnO₄²⁻ होते, म्हणजे फक्त एक घेते. सल्फाइटचा प्रत्येक आयन दोन इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे वरील प्रमाणांसाठी थेंबांचा हिशेब पहिल्या नळीला सुमारे 25, दुसरीला 15 आणि तिसरीला 5 असा येतो. पाचास तीनास एक. विद्यार्थ्यांना हे आकडे आधी काढायला लावून मगच थेंब टाकावेत. पहिली नळी रंगहीन होते, कारण Mn²⁺ चा फिकट गुलाबी रंग इतक्या विरळ द्रावणात दिसत नाही. दुसरीत तपकिरी धूसरपणा येतो, साका लगेच बसत नाही. तिसरी जांभळ्यावरून हिरवी होते. पहिलीला तीसहून अधिक थेंब लागले, तर सल्फाइट शिळे झाले असे समजावे.

तिसऱ्या नळीत घाई अंगाशी येते. पाच-सहा थेंबांवर हात थांबला पाहिजे. अधिक सल्फाइट पडले की मँगनेटचेही क्षपण होऊन नळी तपकिरी होते, आणि मग दुसऱ्या व तिसऱ्या नळीत फरक उरत नाही. अल्कली सौम्य असली तरी तपकिरीच मिळते. पाठ्यपुस्तकात उदासीन आणि सौम्य अल्कली एकाच ओळीत येतात ते याचसाठी. मँगनेट तीव्र अल्कलीतच टिकते. हिरव्या द्रावणाचे थोडे थेंब भरपूर पाण्यात टाकले, तर काही वेळाने जांभळा रंग परत येतो आणि तपकिरी कणही दिसू लागतात, कारण 3MnO₄²⁻ + 2H₂O → 2MnO₄⁻ + MnO₂ + 4OH⁻. वेळ असेल तर हेही दाखवावे. दुसऱ्या नळीला उदासीन म्हणण्याचा अधिकार फक्त डिस्टिल्ड पाण्यानेच मिळतो. बोअरच्या पाण्याने भरलेली ती नळी उदासीन नसतेच, भले तपकिरी रंग दोन्हींत सारखा दिसो.

बाकीचे थोडक्यात. आम्लाच्या नळीतून सल्फर डायऑक्साइडचा वास येऊ शकतो, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. नळ्यांवरचे तपकिरी डाग आम्लयुक्त सल्फाइटने किंवा ऑक्झॅलिक आम्लाने जातात. क्रोमियमची सर्व द्रावणे एका बादलीत जमवावीत, मोरीत ओतू नयेत. बादलीत आम्ल आणि सल्फाइट घालून पूर्ण हिरवे करावे, मग चुन्याची निवळी नव्हे तर दाट चुना घालून सामू 8 ते 9 वर आणावा, खाली बसलेला क्रोमियम हायड्रॉक्साइडचा साका गाळून चिठ्ठी लावलेल्या डब्यात ठेवावा. कॅनमध्ये उरलेल्या डिस्टिल्ड पाण्याचे झाकण घट्ट लावून त्यावर तारीख लिहावी आणि दोन लिटरपेक्षा कमी उरले असेल तर त्याच संध्याकाळी, वीज आहे तोवर, उपकरण चालू करावे.