आकलन चाचणीतील प्रश्नांची तपासणी कशी करावी : सातवीच्या एका उताऱ्याचे उदाहरण

चाचणी तपासून झाली की आपण मुलांच्या गुणांची यादी करतो आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधून कपाटात ठेवतो. मात्र ज्या प्रश्नांवरून आपण मुलांना जोखले, ते प्रश्न स्वतः धड होते की नव्हते, हे सांगणारा पुरावा त्याच गठ्ठ्यात असतो. यवतमाळ जिल्ह्यातील माझ्या सातवीच्या वर्गात तीस मुले आहेत. त्यांना कापसाच्या वेचणीवरील एक उतारा देऊन मी प्रत्येकी चार पर्यायांचे दहा प्रश्न विचारले होते. त्यांपैकी तीन प्रश्नांचा हिशेब येथे मांडतो, कारण प्रश्न कसा बिघडतो आणि कधी तो केवळ बिघडल्यासारखा दिसतो, हे त्या तिघांत मिळून स्पष्ट होते.

उत्तरपत्रिका लावणे

उत्तरपत्रिका एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने लावाव्यात आणि वरच्या दहा व खालच्या दहा बाजूला काढाव्यात. मोठ्या संख्येसाठी वरचे व खालचे २७ टक्के घेण्याची पद्धत ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये मांडली आणि ती आजही रूढ आहे. परंतु तीस मुलांत २७ टक्के म्हणजे जेमतेम आठ मुले होतात, म्हणून एवढ्या लहान वर्गात एक तृतीयांश घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. दहाव्या जागेवर दोघांचे गुण सारखे आले, तर चिठ्ठी टाकून निवड करावी. मुलांची नावे या कागदावर मुळीच लिहू नयेत, हजेरी क्रमांक पुरेसा आहे. कोण खालच्या गटात होते हे वर्गात फुटले, तर पुढच्या चाचणीत ते मूल प्रश्न वाचण्याआधीच धास्तावलेले असते.

आता प्रत्येक प्रश्नासाठी दोन्ही गटांतील किती मुलांनी कोणता पर्याय निवडला, याच्या खुणा मांडाव्यात. केवळ बरोबर आणि चूक एवढेच मोजून थांबू नये. कोरे सोडलेले उत्तरही वेगळे मोजावे, कारण शेवटच्या दोन प्रश्नांत कोऱ्या जागा वाढल्या असतील, तर तो प्रश्न कठीण होता असे नसून वेळ अपुरी पडली असा त्याचा अर्थ असू शकतो.

दोन आकडे

दोन्ही गटांतील बरोबर उत्तरांची बेरीज करून तिला वीसने भागले की काठिण्यमूल्य मिळते. हे नाव थोडे फसवे आहे, कारण हा आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा असतो. वरच्या गटातील बरोबर उत्तरांतून खालच्या गटातील बरोबर उत्तरे वजा करून दहाने भागले की भेदनमूल्य मिळते. ते ०.४० किंवा अधिक असेल तर प्रश्न उत्तम समजतात आणि ०.२० च्या खाली असेल तर प्रश्न पुन्हा वाचून पाहावा. ते उणे आले, म्हणजे खालच्या गटाने वरच्या गटापेक्षा अधिक बरोबर उत्तरे दिली, तर मात्र प्रश्नात किंवा उत्तरसूचीत काहीतरी चुकले आहे असेच धरून शोध सुरू करावा.

अतिसोपा प्रश्न

दुसरा प्रश्न असा होता : ‘पहिली वेचणी कोणत्या सणाच्या सुमारास सुरू झाली?’ वरच्या गटातील दहाही आणि खालच्या गटातील नऊ मुलांनी ‘दिवाळी’ लिहिले, त्यामुळे काठिण्यमूल्य ०.९५ आणि भेदनमूल्य ०.१० आले. चाचणीच्या आरंभी धीर देणारा एखादा सोपा प्रश्न असण्यास माझी हरकत नाही. पण येथे शंका निराळी होती, म्हणून मी उतारा न देता तोच प्रश्न सहावीतील चोवीस मुलांना विचारला आणि बावीस मुलांनी बरोबर उत्तर दिले. ज्या मुलांच्या घरी पऱ्हाटी उभी असते त्यांना हे सांगण्यासाठी काहीही वाचावे लागत नाही. प्रश्न घरच्या ज्ञानाची परीक्षा घेत होता, वाचनाची नव्हे, म्हणून तो मी काढून टाकला. उताऱ्याचा विषय मुलांच्या जवळचा असावाच, परंतु तो जितका जवळचा, तितकी ही उताऱ्याविना चाचणी घेणे अधिक गरजेचे ठरते.

कठीण, पण ठेवावा असा प्रश्न

पाचवा प्रश्न होता : ‘आईने कवडी कापसाचे गाठोडे वेगळे का ठेवले असावे?’ चांगल्या कापसात तो मिसळला तर सगळ्याच मालाचा भाव पडेल, हे उताऱ्यात कोठेही सरळ लिहिलेले नव्हते, ते दोन परिच्छेद जोडून ओळखायचे होते. वरच्या गटातील पाच आणि खालच्या गटातील एका मुलाने ते ओळखले. काठिण्यमूल्य ०.३० आले. चार पर्यायांत निव्वळ अंदाजानेही ०.२५ च्या आसपास उत्तरे बरोबर येतात, त्यामुळे केवळ हा आकडा पाहून प्रश्न रद्द करण्याचा मोह होतो. परंतु भेदनमूल्य ०.४० होते, म्हणजे ज्यांना वाचता येते त्यांनाच तो सुटला होता. असा प्रश्न ठेवावा आणि दोन परिच्छेद जोडून अर्थ लावणे वर्गात शिकवावे.

दिशाभूल करणारा प्रश्न

सातवा प्रश्न होता : ‘आजोबांनी सकाळची वेचणी का थांबवली?’ माझ्या उत्तरसूचीत ‘अ’ बरोबर होता.

| पर्याय | वरचा गट | खालचा गट |
|---|---|---|
| अ) दव पडले होते | ३ | ६ |
| ब) मजूर आले नव्हते | ० | २ |
| क) कापसाला भाव कमी मिळाला असता | ७ | १ |
| ड) बोंडे फुटली नव्हती | ० | १ |

काठिण्यमूल्य ०.४५, म्हणजे दिसायला अगदी मध्यम, पण भेदनमूल्य उणे ०.३०. केवळ पहिला आकडा काढला असता तर हा प्रश्न निर्दोष ठरला असता. वरच्या गटातील सात मुले एकाच ‘चुकीच्या’ पर्यायाकडे गेली होती, तेव्हा मी दोघांना बाजूला बसवून, गुणांचा उल्लेख न करता, त्यांनी तो का निवडला हे विचारले. एक मुलगी म्हणाली, “दव त रोजच पडते सर, पण ओला कापूस वेचला त भाव कमी भेटन, म्हणून थांबवलं ना आजोबानं.” उताऱ्यात आजोबांचे तेच म्हणणे होते. दव हे निमित्त होते आणि घसरणारा भाव हे कारण होते. माझ्या ‘का’मध्ये दोन्ही बसत होते, आणि अधिक खोल वाचणाऱ्या मुलांचाच गुण मी कापला होता.

अशा वेळी दोन कामे करावी लागतात. झालेल्या चाचणीत ‘अ’ आणि ‘क’ दोन्हींना गुण देऊन बेरजा दुरुस्त कराव्यात आणि वर्गाला ते स्पष्ट सांगावे. पुढच्या वेळेसाठी प्रश्नाची भाषा बदलावी. मी तो ‘ओला कापूस वेचल्यास काय होईल, असे आजोबांना वाटत होते?’ असा केला आणि दवाचा पर्याय काढला. ‘ब’ आणि ‘ड’ यांनी वरच्या गटातील कोणालाच ओढले नाही आणि खालच्या गटातील तिघांना ओढले. चुकीच्या पर्यायाने असेच वागावे, म्हणून ते ठेवले, फक्त नव्या प्रश्नाला जुळेल अशी त्यांची भाषा केली.

ज्या मुलांच्या घरी कोलामी किंवा गोंडी बोलली जाते, त्यांच्याबाबत आणखी एक पडताळणी करावी. प्रश्न त्यांना आपल्या शब्दांत सांगायला लावावा, कारण कधी उतारा समजलेला असतो आणि प्रश्नातील एखादा पुस्तकी शब्दच अडलेला असतो.

आकड्यांवर किती विसंबावे

दहा मुलांच्या गटात एका मुलाने एक उत्तर बदलले तरी भेदनमूल्य ०.१० ने हलते. शिवाय चाचणी केवळ दहा प्रश्नांची असेल, तर त्या प्रश्नाचा स्वतःचा गुणही एकूण गुणांत मिसळलेला असतो आणि भेदनमूल्य थोडे फुगते. म्हणून ०.२० आणि ०.३० यांतील फरकावर निर्णय घेऊ नये. उणे आकडा, किंवा हुशार मुलांचा एकाच चुकीच्या पर्यायाकडे ओढा, एवढ्याच ठळक खुणा आधी तपासाव्यात. वर्गात बारा-पंधराच मुले असतील तर गट पाडूच नयेत. केवळ पर्यायवार मोजणी करावी, किंवा तोच उतारा केंद्रातील दोन-तीन शाळांत देऊन उत्तरपत्रिका एकत्र कराव्यात. शिक्षण परिषदेच्या दिवशी सगळे एकत्र येतातच, तेव्हा गठ्ठे सोबत आणण्यास सांगितले की खुणा मांडण्याचे काम तेथेच उरकता येते.