रिव्हर्स कॅमेरा मधेच बंद पडतोय? आधी डिकीची वायर बघा

रिव्हर्स टाकला की स्क्रीन काळी किंवा निळी होऊन 'NO SIGNAL' येत असेल तर लगेच नवीन कॅमेरा घेऊ नका. स्क्रीन कॅमेऱ्यावर जातेय म्हणजे गिअर रिव्हर्समधे पडल्याचा सिग्नल तिला मिळतोय, अडलंय ते पुढे, कॅमेऱ्याच्या सप्लायमधे, व्हिडिओच्या वायरमधे नाहीतर खुद्द कॅमेऱ्यात. स्क्रीन बदलतच नसेल तर आधी मागचा पांढरा रिव्हर्स लाईट लागतो का ते बघा, तोही लागत नसेल तर फ्यूज नाहीतर गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच, कॅमेऱ्याचा काही संबंध नाही.

हॅचबॅक आणि एसयूव्हीत नेहमीची भानगड वेगळीच असते. बॉडीतून डिकीच्या दारात जाणाऱ्या वायरी वर बिजागरीपाशी एका काळ्या रबरी नळीतून जातात आणि दार उघडून-बंद करून आतली तार तुटते, वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत दिसतं, म्हणून नुसतं बघून कळत नाही. इग्निशन ऑन, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, रिव्हर्स टाकून कुणाला तरी स्क्रीनकडे बघायला बसवा आणि तुम्ही ती नळी हळूहळू वाकवा. चित्र येऊन-जाऊन करायला लागलं की जागा सापडलीच. डिकीचं लॉक किंवा नंबर प्लेटचा लाईटही अधूनमधून दगा देत असेल तर शंभर टक्के तिथेच बघा.

इलेक्ट्रिशियनला नुसती टेप मारू देऊ नका, थोडी जादा लवचिक वायर घालून सोल्डर करून घ्या आणि जोड नळीच्या बाहेर ठेवायला सांगा, नाहीतर तिथेच परत तुटणार. आणि चित्र नीट येतंय पण नुसतं धूसर दिसतंय तर भाऊ, लेन्स पुसा आधी!