डीलरचा भावफरकाचा क्लेम जुळत नव्हता, तो असा सुटला

लक्षण: भाव उतरल्यावर डीलरने शिल्लक मालावर फरक मागितला, ४८० नग. आमच्या विक्री बिलांशी आकडा जुळत होता, तरी तिमाहीची विक्री पाहता एवढा माल उरणं पटत नव्हतं.

आधी बिलं पुन्हा तपासली. मग डीलरकडून सही-शिक्क्याचं स्टॉक स्टेटमेंट मागवलं, त्यातही ४८०च. दोन आठवडे वाया गेले.

शेवटी उलटी मोजणी केली. भाव उतरल्यानंतर बाराव्या दिवशी डीलरच्या गोदामात प्रत्यक्ष मोजले तेव्हा २१० नग होते. त्यात या बारा दिवसांतली विक्री १९० मिळवली आणि याच काळात आलेला माल ६० वजा केला. म्हणजे भाव उतरला त्या तारखेला डीलरच्या हातात ३४० नग होते.

उरलेल्या १४० नगांचे सिरियल नंबर डीलरच्या ग्राहक बिलांशी लावले. ९० नग भाव उतरण्याआधीच विकले गेले होते. (वॉरंटी नोंदणीच्या तारखेवर विसंबू नका, ग्राहक ती उशिरा करतात.)

बाकी ५० मी कापणारच होतो, पण करारातलं पुरवठ्याचं कलम वाचलं: माल कंपनीच्या गोदामातून निघताच मालकी डीलरची. ते ५० जुन्या भावाने बिल होऊन वाटेत होते, म्हणून पात्र ठरले.

मंजूर ३९०, नामंजूर ९०. सिरियल नंबर नसलेल्या मालाला मात्र नंबर जुळवण्याची पायरी लागू पडत नाही. तिथे उलटी मोजणी आणि वाहतुकीच्या पावत्यांवरच थांबावं लागतं.